हिशेब बेबाक

मालवणहून परतताना रात्री साडेनऊच्या सुमाराला आम्ही सांगलीत शिरलो आणि बापूनं गाडी घरी न नेता सरळ पंपावर घेतली. मागच्या सीटवर मास्तर झोपले होते, दाजींच्या मांडीवर काजूच्या पिशव्या होत्या, सगळ्यांना घराची ओढ लागली होती. अण्णा म्हणाला, "आता कशाला पंप? उद्या भर की." पण निघण्याआधीच आमचं ठरलं होतं. शुक्रवारी पहाटे याच पंपावर टाकी काठोकाठ भरून आम्ही निघालो होतो, आणि परत आल्यावर इथंच पुन्हा काठोकाठ भरायची होती. पंपावरच्या पोरानं नळी लावली, ती आपोआप थांबली तेव्हा आकडा तीस लिटरवर होता. 2,700 रुपये. बापूनं पैसे दिले, मी खिशातली छोटी वही काढली आणि गाडीच्या बोनेटवर ठेवून लिहिलं: डिझेल, बापू, 2,700, सगळ्यांसाठी.

गाडीच्या डिझेलवरून मित्रांत जेवढी कुरबुर होते तेवढी दुसऱ्या कशावरून होताना मी पाहिली नाही. निघताना टाकीत किती होतं हे कुणालाच माहीत नसतं. वाटेत कुणीतरी दोन हजारांचं भरतो, कुणी पाचशेचं. परत आल्यावर टाकीत किती उरलं ते फक्त गाडीवाल्याला दिसतं. मग एखाद्याला वाटतं की आपण भरलेल्या डिझेलवर हा पुढे आठवडाभर फिरणार, आणि गाडीवाल्याला वाटतं की माझी आधीची अर्धी टाकी कुणी धरलीच नाही. दोघंही बोलत नाहीत. टाकी भरून निघायचं आणि भरूनच थांबायचं, वाटेत भरावं लागलं तर तेही लिहायचं, म्हणजे गाडीनं सहलीत जेवढं खाल्लं तेवढंच हिशेबात येतं. अंदाजाला जागाच राहत नाही.

ही सवय मला माझ्या वडिलांमुळे लागली. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. शाळा सुटली की मी कधीकधी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. समोर दोन वह्या असायच्या. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमानं यायचं: कुणी पैसे दिले, कुणाला दिले, कशापोटी. संध्याकाळी तीच कलमं खतावणीत माणसागणिक चढायची. ज्यानं दिलं त्याच्या नावावर जमा, ज्यानं घेतलं त्याच्या नावे. दिवसाच्या शेवटी दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही तर वडील घरी यायचे नाहीत. चार आण्यांसाठी ते रात्री नऊपर्यंत बसलेले मला आठवतात. मी विचारायचो, चार आण्यांचं काय एवढं? ते म्हणायचे, "चार आण्यांचं काही नाही. कुठं चुकलं ते कळलं पाहिजे."

मित्रांच्या सहलीलाही याच दोन वह्या लागतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते कळेपर्यंत एक मित्र दुरावला होता.

2012 सालची गोष्ट. आठ जणांचं गोव्याला जायचं ठरलं. राहण्याचे सगळे पैसे एकानं आधीच भरून टाकले, मोठ्या मनानं, आणि म्हणाला, "नंतर बघू." निघायच्या आदल्या दिवशी दोघं गळाले. सहल झाली, मजा झाली, परत आल्यावर आम्ही बाकीच्या पाच जणांनी आपापले पैसे त्याला दिले, म्हणजे आठवा हिस्सा प्रत्येकी. गळालेल्या दोघांचा हिस्सा त्याच्याच अंगावर राहिला. त्या दोघांना वाटलं की आपण गेलोच नाही तर द्यायचं कशाचं. आम्हा बाकीच्यांच्या ते डोक्यातही आलं नाही. तो काही बोलला नाही. हळूहळू कट्ट्यावर येईनासा झाला. चारेक वर्षांनी एका लग्नात त्याच्या बायकोनं मला सहज सांगितलं, "भावजी, त्या गोव्याच्या वेळी यांना फार लागलं होतं." मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. किती होते ते तरी सांग, माझ्या वाटचे देतो म्हणालो. तो म्हणाला, "आता मलाही आकडा आठवत नाही रे." खरंच आठवत नव्हता. पावती नाही, वही नाही. द्यायची तयारी होती, घेणाराही समोर बसला होता, आणि तरी ते फिटण्यातलं राहिलं नव्हतं.

म्हणून या वेळी मालवणचं ठरलं तेव्हा दिवाणजीचं काम मी मागून घेतलं.

आम्ही सहा जण. बापूची सात जणांची गाडी. शेठ, म्हणजे हार्डवेअरचं दुकान असलेला आमचा मित्र, ज्याचा हात कायम खिशाकडे जातो. मास्तर, शाकाहारी, गळ्यात माळ. अण्णा, एका खासगी कंपनीत, पगार सात तारखेला. दाजी हे खरं तर बापूचे मेहुणे, पण आता आम्हा सगळ्यांचेच दाजी. आणि मी.

पहिलं काम मी केलं ते तारीख ठरायच्या आधी आकडा सांगण्याचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आधी ‘येणार का’ विचारतात, सगळे हो म्हणतात, आणि खर्च किती हे परत आल्यावर कळतं. ज्याचा हात तंग आहे त्याला त्या वेळी नाही म्हणायची सोय राहत नाही. मी तारकर्लीजवळच्या एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन करून भाव विचारला, गाडीचे किलोमीटर मोजले, आणि सगळ्यांना एकच निरोप पाठवला: राहणं, गाडी, जेवण धरून माणशी चार ते सव्वाचार हजार, पाण्याखालचं स्कूबा करणार असेल त्यानं बाराशे वेगळे धरावेत, मासे न खाणाऱ्याला पाच-सहाशे कमी पडतील. तासाभरानं अण्णाचा मला एकट्याला निरोप आला, "स्कूबा नको मला. बाकी जमतंय." चौघांपुढे किनाऱ्यावर उभं राहून त्याला हे बोलावं लागलं नाही.

तीन खोल्या, दोन रात्री, खोलीला रात्रीचे 1,800. एकूण 10,800. त्यातले पाच हजार शेठनं आगाऊ भरले, उरलेले 5,800 निघताना मी दिले. निघायच्या दोन दिवस आधी दाजींचं कळलं की कामामुळे शुक्रवारी जमत नाही, शनिवारी सकाळी एसटीनं येऊन गाठतो. गोव्यासारखाच प्रसंग पुन्हा आला होता, फक्त या वेळी तो निघण्याआधीच मिटवायचा होता. पहिल्या रात्रीचे दाजींचे पैसे धरायचे की नाही?

माझं मत असं: खर्च ज्याच्या शब्दावर ठरला, त्यानं तो उचलावा. सहा जण म्हणून तीन खोल्या सांगितल्या. दाजींनी आधीच नाही म्हटलं असतं तर पहिल्या रात्री आम्ही पाच जण दोन खोल्यांत, एक गादी जास्त टाकून, निभावून नेलं असतं. आता घरमालकानं ती खोली दुसऱ्या कुणाला दिली नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे राहण्याचा हिस्सा दाजींना पूर्ण, 1,800. पण शुक्रवारी त्यांनी चहाही घेतला नाही आणि गाडीतही बसले नाहीत, त्यामुळे त्या दिवसाचं खाणं आणि जातानाची गाडी त्यांना नाही. मी दाजींना तेव्हाच फोन केला. परत आल्यावर हिशेबात दाखवून धक्का द्यायचा नव्हता. ते म्हणाले, "बरोबर आहे की. मी सांगितलं होतं येतो म्हणून." दोन मिनिटांत विषय संपला. आजारपणासारखं कारण असतं तर बाकीच्या पाच जणांनी मिळून तो हिस्सा आपल्यात घेतला असता, आणि तेही त्यांनी मागायची वाट न बघता. कामाचं कारण आणि आजारपण यांत मी फरक करतो.

शुक्रवारी कोल्हापूर, राधानगरी करत दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरलो, कणकवलीहून कसालला आलो आणि मालवणचा रस्ता धरला. वाटेत जिथं पैसे दिले तिथंच वहीत लिहिलं. एका कलमात चारच गोष्टी: कशाचे, कुणी दिले, किती, आणि कुणासाठी. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि सगळं भांडण तिथंच असतं. कुणी दिले हे बिलावरून पुढेमागे सापडतं, हल्ली फोनमध्येही दिसतं. पण त्या टेबलावर कोण कोण होतं, मासे कुणी खाल्ले, हे दोन दिवसांनी नक्की कुणाला सांगता येत नाही.

पहिल्या रात्रीचं जेवण घ्या. मालवणात एका खाणावळीत बसलो. चौघांनी सुरमईची थाळी घेतली, साडेचारशेची. मास्तरांनी शाकाहारी, दोनशेची. बिल दोन हजार, आणि ते मास्तरांनीच दिलं, कारण गल्ल्याजवळ तेच बसले होते. बाहेर पडताना शेठ म्हणाला, "चारशे-चारशे झाले रे माणशी." हिशेब म्हणून बरोबर. पाच जण, दोन हजार. पण मास्तरांनी दोनशेचं खाऊन चारशे द्यायचे होते. मास्तर लगेच म्हणाले, "असू दे, असू दे." शाकाहारी माणूस हे आयुष्यभर म्हणत असतो, आणि त्याचं ते म्हणणं आपण संमती समजतो. मी वहीत थाळीप्रमाणे लिहिलं: चौघांना 450, मास्तरांना 200. थाळीचा भाव बिलावर छापलेलाच असतो, तिथं वाटणीचा प्रश्नच येत नाही.

शनिवारी संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला गेलो आणि दाजींनी दोन हजारांची मासळी घेतली. आम्ही राहत होतो त्या घरच्या काकूंनी ती रांधून दिली. भात, भाकरी, सोलकढी, मास्तरांसाठी डाळीची आमटी आणि रांधण्याची मेहनत मिळून त्यांनी नऊशे घेतले, ते मी दिले. आता हे एकच जेवण, पण कलमं दोन. मासळीचे दोन हजार पाच जणांचे, माणशी 400. काकूंचे नऊशे सहा जणांचे, माणशी 150. एका ताटातलं असं तोडायला कुणाला बारीकपणा वाटेल. मला तो बारीकपणा आवडतो. तो कागदावर राहतो आणि ताटावर कुणाला हात आखडावा लागत नाही. मासे खाणाऱ्यांनी त्या रात्री मनसोक्त खाल्लं, कारण आपल्या खाण्याचा भार मास्तरांवर पडतोय ही टोचणी कुणाच्या मनात नव्हती.

शेठ आणि दाजींनी रात्री स्वतःपुरतं जे काही घेतलं ते मी वहीत येऊच दिलं नाही. दोघांचंच असेल ते दोघांनी तिथल्या तिथं मिटवावं. सहांच्या वहीत दोघांची कलमं शिरली की वही वाचवत नाही, आणि ज्यांचा संबंध नाही त्यांनाही उगाच कुणी काय घेतलं ते दिसतं.

मग गाडीचं. डिझेल 2,700 झालं हे वर सांगितलं. पण गाडी डिझेलवरच चालत नाही. आम्ही 480 किलोमीटर फिरलो, त्यात घाट, वळणं, शेवटचा खडीचा तुकडा. मी बापूला विचारलं, टायरचा जोड कितीला आणि किती चालतो? चार टायरना चोवीस हजार, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पन्नास-साठ पैसे. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला सात हजार, म्हणजे सत्तर पैसे. ब्रेक, क्लच, बारीकसारीक धरून आम्ही दोन रुपये धरले. 960 झाले. पुष्कळ ठिकाणी गाडीवाल्याला डिझेलचा हिस्सा माफ करतात आणि त्याची भरपाई झाली असं समजतात. आमच्या हिशेबात ती माफी पाचशेच्या आसपास बसली असती, झीज मात्र जवळजवळ हजाराची. हे भाडं नव्हे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही, आणि बापूला नफा नकोच होता. म्हणून झिजेचा हिस्सा बापूलाही लावला, कारण तोही त्या गाडीतून फिरला. बापू आढेवेढे घेत होता. मास्तरांनीच त्याला गप्प केलं, "दर वेळी तुझीच गाडी काढायला सांगतो आम्ही. हे नाही घेतलंस तर पुढच्या वेळी सांगायला तोंड राहणार नाही."

डिझेल आणि झीज मिळून 3,660. अर्धे जाण्याचे, पाच जणांत, 366 प्रत्येकी. अर्धे तिथल्या फिरण्याचे आणि परतीचे, सहा जणांत, 305. दाजींना फक्त 305, बाकीच्यांना 671. किलोमीटर मोजून याहून बारीक करता आलं असतं, पण फरक थोड्याच रुपयांचा पडला असता. तिथं मी थांबलो. बारीकपणाला अंत असावा, आणि तो कुठं हे एकट्यानं न ठरवता सगळ्यांना विचारून ठरवावं.

रविवारी रात्री घरी आल्यावर झोपायच्या आधी मी कीर्दीवरून खतावणी केली. चहा, नाष्टा, दुपारची जेवणं मिळून चार हजार झाले होते. त्यातले शुक्रवारचे हजार अण्णानं दिले होते, पुढच्या दोन दिवसांचे तीन हजार दाजींनी. स्कूबा तिघांनी केलं, शेठ, दाजी आणि मी, त्याचे 3,600 शेठनं भरले होते. सगळा खर्च 26,960. सहानं भागले तर माणशी 4,493. आणि प्रत्येकाच्या नावे खरोखर किती पडले? शेठ आणि मी, प्रत्येकी 5,371. दाजी 4,355. बापू आणि अण्णा 4,171. मास्तर 3,521.

हा मास्तरांचा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. सरसकट सारखी वाटणी केली असती तर मास्तरांनी 972 रुपये जास्त दिले असते, आमच्या सुरमईचे आणि आम्ही पाण्याखाली बघितलेल्या माशांचे. आणि मी 878 कमी दिले असते. वीस वर्षं आम्ही एकत्र फिरतोय. सारखी वाटणी हीच सगळ्यात न्याय्य असं मला त्यातली बरीच वर्षं वाटत होतं. मास्तरांनी आजवर किती ‘असू दे’ म्हटलं असेल त्याचा हिशेब आता लागणार नाही.

आता दुसरी बाजू, जमा. शेठचे आगाऊ आणि स्कूबा मिळून 8,600. माझे 6,700. दाजींचे 5,000. बापूचे डिझेल आणि झीज, 3,660. मास्तरांचे 2,000. अण्णाचे 1,000. बेरीज 26,960, म्हणजे नाव्याच्या बेरजेइतकीच. वडिलांसारखं हुश्श केलं. जमेतून नावे वजा केल्यावर शेठचं 3,229 येणं निघालं, माझं 1,329, दाजींचं 645. आणि देणं अण्णाकडं 3,171, मास्तरांकडं 1,521, बापूकडं 511. येण्याची बेरीज 5,203, देण्याचीही 5,203. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कुणालाही एक रुपया पाठवायला सांगू नये. बहुतेक वेळा एखादं कलम कुणाच्या नावे चढायचं राहिलेलं असतं, किंवा पाच जणांचं सहा जणांत वाटलेलं असतं.

वाटण्यासाठी हल्ली अ‍ॅप आहेत, आमच्या पुतण्याची पोरं स्प्लिटवाइज वापरतात आणि ते गणित चोख करतं. त्यात देवघेव कमीत कमी व्हावी म्हणून कुणी कुणाला द्यायचं तेही ते जोडून देतं. मी तशी जोडणी हातानं करून पाहिली. अण्णानं शेठला 3,171. मास्तरांनी मला 1,329 आणि दाजींना 192. बापूनं दाजींना 453 आणि शेठला 58. पाच वेळा पैसे पाठवले की सगळं शून्य. हे मास्तरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "दाजींकडून मी काही घेतलंच नाही. त्यांना कशाचे?" प्रश्न साधा होता आणि मनापासून होता. शनिवारच्या दुपारच्या जेवणाचे दाजींनी दिले, त्यात मास्तर जेवले होते, पण खाणावळीचं बिल मास्तरांनी दिलं होतं. अशी सगळी कलमं एकमेकांत वळती होऊन शेवटी जे उरतं त्याला माणसाचा चेहरा राहत नाही. 192 रुपये कशाचे, याला उत्तर देता येत नाही. आणि ज्याचं कारण कळत नाही ते देताना माणसाच्या मनात किंतु येतोच.

मग मला पेढीची रीत आठवली. तिथं हळद आणणारा शेतकरी आणि घेणारा व्यापारी एकमेकांना पैसे देत नसत. दोघांचंही खातं पेढीशी. म्हणून ठरवलं, ज्यांचं देणं निघतं त्यांनी मला द्यायचं, ज्यांचं येणं निघतं त्यांना मी द्यायचं. मोजून पाहिलं तर पाठवणी पाचच झाल्या: तीन माझ्याकडे येणाऱ्या, दोन माझ्याकडून जाणाऱ्या. म्हणजे अ‍ॅपसारख्या जोडणीत वाचलं काहीच नसतं, आणि इथं प्रत्येकाला एकच प्रश्न उरतो: माझं खातं बरोबर आहे का? ते तो वहीच्या फोटोवरून स्वतः ताडून बघू शकतो. यात अडचण एकच, वसुलीचं ओझं एका माणसावर येतं. ते ज्याला जड वाटणार नाही त्यानंच दिवाणजी व्हावं.

गटावर मी कीर्दीच्या पानाचा फोटो टाकला. सगळी कलमं, कुणी दिले, कुणासाठी. खाली लिहिलं, चूक दिसली तर उद्या रात्रीपर्यंत सांगा. प्रत्येकाची बाकी मात्र ज्याची त्याला वेगळी पाठवली. कलमं सगळ्यांची असतात, ती सगळ्यांना दिसलीच पाहिजेत. पण अण्णाकडे 3,171 देणं आहे हे सहा जणांच्या गटावर सगळ्यात वर झळकायचं कारण नव्हतं. मनात आणलं तर कुणीही बेरीज करून काढू शकतो, ते वेगळं. सोमवारी बापूनं एक दुरुस्ती सांगितली. शुक्रवारच्या चहाच्या वेळी पार्किंगचे वीस रुपये त्यानं दिले होते. मी ते चढवतो म्हणालो तर म्हणाला, "नको, फक्त तुझ्या वहीत राहिलं एवढं सांगितलं." मी तरी बाजूला नोंद केली.

त्याच रात्री मास्तरांचे 1,521 आणि बापूचे 511 आले. 2,032. त्यातून दाजींचे 645 पूर्ण दिले, उरलेले 1,387 शेठला. अण्णाचा मला एकट्याला फोन आला. आवाज जरा खाली होता. "सात तारखेला दिले तर चालतील का? पगार झाला की लगेच." मी म्हटलं, सात तारीख लिहून ठेवतो. एवढंच. शेठला मी अण्णाचं नाव न घेता सांगितलं की बाकीचे सातला येतील. शेठला कळलं असणार. तो म्हणाला, "अण्णाचे राहू दे की. मी सांभाळून घेतो." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो तसाच आहे. पण मी म्हटलं, तुला सोडायचे असतील तर पैसे हातात आल्यावर तुझे तू काय करायचं ते कर, वहीत माफी लिहिणार नाही. अण्णानं काही मागितलं नव्हतं. न मागितलेली माफी त्याच्या खात्यावर चढली असती तर पुढच्या सहलीला त्यानं काहीतरी कारण काढलं असतं, आणि ते कारण आम्हाला खरं वाटलं असतं.

सहकुटुंब जाण्याचं गणित थोडं वेगळं पडतं. तिथं राहणं खोलीप्रमाणे आणि खाणं माणसाप्रमाणे धरावं. कुटुंबाला एक हिस्सा असं धरलं की दोघंच असलेल्या जोडप्यावर पाच जणांच्या घराचा भार पडतो. लहान पोरांचं अर्धं धरायचं की नाही ते आईबापांना न विचारता बाकीच्यांनीच आधी सांगून टाकावं.

सात तारखेला संध्याकाळी मी कृष्णेच्या घाटावर होतो. आयर्विन पुलावर दिवे लागले होते. फोन वाजला, अण्णाचे 3,171 जमा. तिथंच बसून शेठला त्याचे राहिलेले 1,842 पाठवले. खाली माझे 1,329 उरले, दिवाणजीचे शेवटी. घरी येऊन वही उघडली, अण्णाच्या खात्याखाली दोन रेघा मारल्या आणि वडील लिहायचे तसं लिहिलं, खाते बेबाक. मग शेठच्या, मग माझ्या.